भाग : सरळ रेषेचा अंदाज रस्ता लवकर कसा शोधून देतो, आणि कधी फसवतो

आजच्या भागाचा विषय बऱ्याच श्रोत्यांनी मागितला होता: मोबाईलवरचं मॅप ॲप सगळ्यात जवळचा रस्ता शोधतं, ते नक्की करतं काय? त्यातला एकच तुकडा आज घेऊया, पण नीट घेऊया. दोन पद्धती आहेत, डायक्स्ट्रा आणि ए-स्टार. दोन्ही आपण एका छोट्या चौकटीवर हाताने चालवून बघणार आहोत. ऐकताना जमलं तर वही-पेन घ्या. वाचत असाल तर आकृत्या खाली दिल्याच आहेत.

उदाहरणासाठी आपलं बेलपाडा घेऊया. खारघरमधलं गाव, पनवेल तालुका, आणि जवळून जाणारा सायन-पनवेल महामार्ग. महामार्गाशेजारी राहणाऱ्या कुणालाही एक गोष्ट सांगावी लागत नाही: पलीकडची इमारत डोळ्यांना दिसते, हाक मारली तर ऐकू जाईल असं वाटतं, पण तिथे पोचायला आधी भुयारी मार्ग किंवा पूल गाठावा लागतो. डोळ्यांना दिसणारं अंतर आणि पायांना पडणारं अंतर यांतला हा फरक म्हणजेच आजचा विषय.

आधी चौकट. सात स्तंभ, पाच ओळी, एकूण 35 घरं. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे एवढंच जाता येतं, तिरकं नाही. एका घरातून शेजारच्या घरात जायचा खर्च 1. ही बेलपाड्याची मोजमाप केलेली नकाशाप्रत नाही, समजण्यासाठी काढलेलं चित्र आहे. `S` म्हणजे आपण, `T` म्हणजे पोचायचं ठिकाण. दोघंही तिसऱ्या ओळीत, `S` दुसऱ्या स्तंभात आणि `T` सहाव्या.

```
. . . . . . .
. . . . . . .
. S . . . T .
. . . . . . .
. . . . . . .
```

आधी डायक्स्ट्रा

एड्सखर डायक्स्ट्रा हे नेदरलँड्सचे संगणकशास्त्रज्ञ. ही पद्धत त्यांना 1956 मध्ये ॲमस्टरडॅमच्या एका कॅफेत कॉफी पिताना, कागद-पेन हातात न घेता, साधारण वीस मिनिटांत सुचली, असं त्यांनी स्वतः सांगितलं आहे. छापून आली 1959 मध्ये.

पद्धत अशी. प्रत्येक घरावर एक चिठ्ठी लावायची: "सुरुवातीपासून इथवर यायला एवढा खर्च". `S` वर 0. त्याच्या शेजाऱ्यांवर 1. आता ज्या चिठ्ठ्या अजून कच्च्या आहेत त्यांतली सगळ्यात लहान उचलायची आणि ती पक्की करायची. पक्की म्हणजे पुन्हा कधीही बदलणार नाही. मग त्या घराच्या शेजाऱ्यांच्या चिठ्ठ्या लिहायच्या किंवा सुधारायच्या, आणि पुन्हा सगळ्यात लहान कच्ची चिठ्ठी उचलायची. `T` ची चिठ्ठी उचलली गेली की काम संपलं.

सगळ्यात लहान चिठ्ठी लगेच पक्की कशी करता येते? कारण बाकीच्या सगळ्या कच्च्या चिठ्ठ्या तिच्याएवढ्या किंवा तिच्यापेक्षा मोठ्या आहेत. त्यांतल्या एखाद्या घरावरून वळसा घालून इथे यायचं म्हटलं तरी खर्च वाढणारच, कमी होणार नाही. रस्त्याचा खर्च उणे नसतो, या एकाच गोष्टीवर हे सगळं उभं आहे.

आता चौकटीवर बघा. डायक्स्ट्राला `T` कुठल्या दिशेला आहे हे माहीतच नाही. तळ्यात दगड टाकल्यावर लाट जशी सगळीकडे पसरते, तसं हे पसरतं. आधी 1 अंतरावरची सगळी घरं, मग 2 ची, मग 3 ची. `T` चं अंतर 4 आहे, म्हणजे 3 पर्यंतची सगळी घरं आधी पक्की होणार. मोजा: मधल्या ओळीत 5, तिच्या वरच्या-खालच्या ओळींत प्रत्येकी 4, आणि कडेच्या दोन ओळींत प्रत्येकी 3. एकूण 19. उजवीकडे चार पावलांवर जायचं होतं, तरी आपण पाठीमागची, वरची, खालची घरं तपासून आलो.

उत्तर शंभर टक्के बरोबर आलं. फक्त मेहनत जास्त झाली.

मग ए-स्टार

1968 मध्ये पीटर हार्ट, निल्स निल्सन आणि बर्ट्रम राफाएल या तिघांनी स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधून ही पद्धत मांडली. तिथे तेव्हा शेकी नावाच्या चाकांवर फिरणाऱ्या रोबोचं काम चालू होतं, आणि त्याला खोल्यांमधून वाट शोधून द्यायची होती.

बदल एकाच ओळीचा आहे. चिठ्ठी उचलताना फक्त "इथवर किती झालं" हे बघायचं नाही. त्यात "इथून पुढे निदान किती उरलं असेल" हा अंदाज मिळवायचा, आणि ज्याची बेरीज सगळ्यात लहान ते घर उचलायचं. झालेल्या खर्चाला `g` म्हणतात, उरलेल्याच्या अंदाजाला `h`. अंदाज कशाने करायचा? `T` पर्यंतच्या सरळ रेषेने. कावळा उडत गेला तर किती, तेवढं.

```python
h = math.hypot(c - 6, r - 3)   # T: c = 6, r = 3
priority = g                   # Dijkstra
priority = g + h               # A*
```

आपल्या मोकळ्या चौकटीवर लावून बघा. `S` वर झालेलं 0, उरलेलं 4, बेरीज 4. उजवीकडच्या घरावर झालेलं 1, उरलेलं 3, बेरीज पुन्हा 4. पण वरच्या घरावर झालेलं 1, आणि तिथून `T` पर्यंत सरळ रेषा 4.12, बेरीज 5.12. डावीकडच्या घरावर 1 अधिक 5, बेरीज 6. म्हणजे उजवीकडचंच घर उचललं जाणार. पुढेही प्रत्येक वेळी उजवीकडच्या घराची बेरीज 4 राहते आणि बाकीच्यांची 5 च्या वर. `S` पासून `T` च्या आधीपर्यंत फक्त 4 घरं उचलली, आणि पाचवं `T`.

19 घरांऐवजी 4. इथवर ऐकलं की वाटतं, झालं की काम, डायक्स्ट्रा कशाला हवा? थांबा. आता महामार्ग आणूया.

मध्ये महामार्ग आला की

चौथ्या स्तंभात वरून चार घरं बंद करूया. हा आपला महामार्ग. सगळ्यात खालचं, पाचव्या ओळीतलं घर मोकळं, तो भुयारी मार्ग. आता `S` वरून `T` ला जायचं तर दोन घरं खाली, महामार्गाखालून पलीकडे, आणि परत दोन घरं वर. एकूण 8 पावलं. सरळ रेषेचा अंदाज मात्र अजूनही 4 च म्हणतो, कारण रेषेला भिंत दिसत नाही.

डायक्स्ट्रा 8 च्या आतल्या सगळ्या घरांवर जाणार. ती 22 भरतात. आकृतीत `o` म्हणजे `T` च्या आधी पक्की झालेली घरं, आणि `S` हेही त्यांत धरायचं.

```
o o o # . . .
o o o # . . .
o S o # o T .
o o o # o o .
o o o o o o o
```

आता ए-स्टार. पहिल्यांदा तो उत्साहाने उजवीकडे जातो, भिंतीला चिकटतो. मग भिंतीला लागून असलेली वरची-खालची घरं बघतो, त्यांच्या बेरजा 5.16. तिथेही वाट नाही. मग `S` च्या डावीकडचं घर, बेरीज 6. मग पहिल्या आणि पाचव्या ओळीतली घरं, 6.47 आणि 6.61. यात वरच्या ओळीतली घरं अगदी फुकट गेली, कारण भुयारी मार्ग खाली आहे. पण अंदाजाला वर-खाली सारखंच, त्याला कुठे माहीत. शेवटी भुयारी मार्गाचं घर 6.83 बेरजेने उचललं जातं, आणि पलीकडे गेल्यावर वाट सापडते.

```
. o o # . . .
o o o # . . .
o S o # o T .
o o o # o . .
. o o o o . .
```

मोजले तर 17. एक बारीक गोष्ट: शेवटच्या टप्प्यात काही घरांची बेरीज बरोबर 8 येते, `T` चीही 8. अशी बरोबरी झाली की ज्याचा उरलेला अंदाज लहान ते आधी उचलायचं असा नियम मी धरला आहे. तो नियम नसेल तर एक-दोन घरं जास्त होतील.

म्हणजे मोकळ्या मैदानात 19 विरुद्ध 4, आणि महामार्गापाशी 22 विरुद्ध 17. पद्धत तीच, चौकट तेवढीच, बचत मात्र जवळजवळ गेली. कारण सोपं आहे. खरं अंतर 8 असेल तर ए-स्टारला ज्या घराची बेरीज 8 पेक्षा कमी आहे ते प्रत्येक घर उघडावंच लागतं. त्याला पर्याय नाही, कारण त्या घरातून 8 पेक्षा स्वस्त वाट निघणार नाही याची खात्री त्याच्याकडे नाही. अंदाज जेवढा खऱ्यापेक्षा खाली, तेवढी जास्त घरं उघडावी लागतात.

हे महामार्ग नसतानाही दिसतं. तीच मोकळी चौकट घ्या, पण `S` वरच्या डाव्या कोपऱ्यात आणि `T` खालच्या उजव्या कोपऱ्यात ठेवा. खरं अंतर 10 पावलं, सरळ रेषा 7.21. डायक्स्ट्रा 34 घरं उघडतो, सरळ रेषेवाला ए-स्टार 25. भिंत नाही, काही नाही, तरी एवढीच बचत. कारण आपल्याला तिरकं जाता येत नाही, आणि अंदाज मात्र तिरकी रेषा मोजतो. इथे अंदाज बदलून "आडवी किती घरं अधिक उभी किती घरं" असा केला, तर तो 10 च येतो, आणि फक्त 10 घरं उघडून काम होतं. म्हणजे चाल कशी आहे त्यावर अंदाज ठरवायचा. तिरकंही जाता येतं अशा खऱ्या रस्त्यांसाठी सरळ रेषा सुरक्षित, पण काटकोनी चौकटीत ती उगाच भोळी.

भोळा चालेल, बढाईखोर नाही

आता मुख्य गोष्ट. अंदाज खऱ्यापेक्षा कमी असला तर काय होतं? मेहनत वाढते, पण उत्तर बरोबरच राहतं. अंदाज खऱ्यापेक्षा जास्त झाला तर? तर उत्तर चुकू शकतं, आणि ॲप कुठलीही सूचना देत नाही. रस्ता दाखवतं, निळी रेषा येते, सगळं व्यवस्थित दिसतं. फक्त तो सगळ्यात जवळचा रस्ता नसतो.

हे कसं होतं ते मिनिटांच्या हिशोबाने बघूया. कारण आपल्याला बहुतेकदा अंतर नाही, वेळ हवी असते. समजा बेलपाड्यातून रिक्षाने नव्हे, कारने निघालो. पोचायचं ठिकाण सरळ रेषेत 6 किलोमीटर. आकडे सोयीसाठी घेतले आहेत. दोन वाटा आहेत.

पहिली वाट आतल्या रस्त्यांनी, 7 किलोमीटर. ताशी 20 च्या वेगाने 21 मिनिटं.

दुसरी वाट: आधी उलट्या दिशेने 1 किलोमीटर जाऊन महामार्गावर चढायचं, 3 मिनिटं. मग महामार्गाने 8 किलोमीटर ताशी 60 ने, 8 मिनिटं. एकूण 11 मिनिटं. खरी जवळची वाट ही.

आता अंदाज मिनिटांत हवा, म्हणून सरळ रेषेला वेगाने भागायचं. कुठल्या वेगाने? कुणीतरी म्हणेल, शहरात सरासरी ताशी 20 च असतो, तोच घ्या. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. बघा काय होतं. महामार्गावर चढायची जागा ठिकाणापासून सरळ रेषेत 7 किलोमीटर. ताशी 20 ने 21 मिनिटं. झालेली 3 अधिक उरलेली 21, बेरीज 24. आतल्या वाटेचा मध्य घ्या: झालेली 10.5 मिनिटं, उरलेलं सरळ अंतर 3 किलोमीटर म्हणजे 9 मिनिटं, बेरीज 19.5. ती लहान, म्हणून आधी ती वाट उघडली. तिथून ठिकाण 21 मिनिटांच्या चिठ्ठीने समोर आलं. 21 हे 24 पेक्षा लहान, म्हणून ते उचललं आणि काम संपलं. महामार्ग उघडलाच नाही. 11 मिनिटांच्या जागी 21. ही गाडी रुग्णवाहिका असती तर ती दहा मिनिटं कुणाच्या जिवावर बेतली असती.

आता अंदाजासाठी सरासरी वेग न घेता नकाशातला सगळ्यात जास्त वेग घ्या, 60. महामार्गाची जागा: 3 अधिक 7, बेरीज 10. आतल्या वाटेचा मध्य: 10.5 अधिक 3, बेरीज 13.5. आता महामार्ग आधी उघडतो, ठिकाण 11 च्या चिठ्ठीने येतं, 11 हे 13.5 पेक्षा लहान, आणि बरोबर उत्तर मिळतं. नियम एवढाच: वेळेचा अंदाज करताना नेहमी सगळ्यात वेगवान रस्त्याचा वेग घ्यायचा. सरासरी नाही.

प्रोजेक्ट करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी, अशी चूक पकडायची कशी ते सांगतो. एक, रस्त्याच्या प्रत्येक तुकड्यावर तपासा: या टोकाचा अंदाज हा तुकड्याचा खर्च अधिक त्या टोकाचा अंदाज यापेक्षा मोठा नको. आपल्या चुकीच्या उदाहरणात महामार्गाच्या जागेचा अंदाज 21, महामार्गाचा खर्च 8, ठिकाणाचा अंदाज 0. 21 हे 8 पेक्षा मोठं. तिथेच चोर सापडला. दोन, अंदाज 0 करून तोच प्रोग्रॅम पुन्हा चालवा. अंदाज 0 म्हणजे डायक्स्ट्राच. दोन उत्तरांचा खर्च वेगळा आला तर अंदाजात किंवा कोडमध्ये गडबड आहे, हे नक्की.

सरळ रेषा त्या पहिल्या परीक्षेत आपोआप पास होते, जर रस्त्याची लांबी आणि रेषा एकाच एककात मोजली असेल तर. शाळेतला त्रिकोणाचा नियम आठवा: दोन बाजूंची बेरीज तिसऱ्या बाजूपेक्षा लहान नसते. त्यामुळेच ए-स्टारमध्येही एकदा उचललेली चिठ्ठी पक्की, ती पुन्हा उघडावी लागत नाही, अगदी डायक्स्ट्रासारखी. पण एकक चुकलं की संपलं. रस्ता किलोमीटरमध्ये आणि रेषा मीटरमध्ये मोजली तर अंदाज हजारपट होतो. आणि मोबाईलच्या जीपीएसमधून येणारे अक्षांश-रेखांश थेट चौकटीच्या घरांसारखे वापरू नका. आपल्याकडे, साधारण 19 अंश उत्तरेला, एक अंश अक्षांश म्हणजे जवळपास 111 किलोमीटर आणि एक अंश रेखांश म्हणजे जवळपास 105. आधी किलोमीटर करा, मग रेषा मोजा.

नवा पूल झाला तर?

शेवटचा मुद्दा, आणि मला सगळ्यात आवडणारा. कुणी विचारेल, सरळ रेषा जर एवढी भोळी आहे, तर रस्त्यांची खरी अंतरं आधीच मोजून त्यावरून अंदाज का करू नये? करतात. नकाशातली काही ठिकाणं निवडून तिथपासूनची खरी अंतरं साठवतात आणि त्यावरून `h` काढतात. तो अंदाज खऱ्याच्या जास्त जवळ असतो, म्हणून घरं कमी उघडतात.

पण 12 जानेवारी 2024 ला अटल सेतूचं उद्घाटन झालं. शिवडीपासून न्हावा शेवाच्या बाजूपर्यंत, खाडीवरून, 21.8 किलोमीटर. त्याआधी शिवडीहून उरणच्या बाजूला गाडीने यायचं तर वाशीकडून वळसा घालावा लागायचा. जुन्या रस्त्यांवरून साठवलेला अंदाज अजूनही त्या वळशाचं अंतर सांगत राहील. आणि पूल झाल्यावर खरं अंतर त्यापेक्षा कमी झालं, म्हणजे अंदाज आता जास्त झाला. बढाईखोर झाला. तो अंदाज पुन्हा मोजला नाही, तर वर बघितलं तसं ॲप पुलाकडे न बघताच जुनी वाट पक्की करू शकतं.

सरळ रेषेला ही भीती नाही. कितीही पूल बांधा, बोगदे काढा, उद्या खारघरच्या डोंगरातून रस्ता न्या. सरळ रेषेपेक्षा छोटा रस्ता कुणी बांधू शकत नाही. बेलपाड्यात महामार्गाखालून आणखी एक भुयारी मार्ग झाला तर ए-स्टारला नकाशात फक्त ते घर मोकळं करून सांगायचं, अंदाजाला हात लावायचा नाही. फक्त वेळेच्या हिशोबात एक काळजी घ्यायची: नव्या रस्त्यावरची वेगमर्यादा आधीच्या सगळ्यांपेक्षा जास्त असेल, तर भागायचा वेग बदलायचा.

जाता जाता एक काम देतो. मी आकृतीत भुयारी मार्ग पाचव्या ओळीत ठेवला. तुम्ही तो चौथ्या ओळीत ठेवा, पाचव्या ओळीतलं घर बंद करा, आणि दोन्ही पद्धतींनी किती घरं उघडतात ते हाताने मोजा. आता खरं अंतर 6 होतं, म्हणून उघडायची घरं दोन्हीकडे कमी व्हायला हवीत. तुमचे आकडे खाली लिहा, पुढच्या भागाच्या सुरुवातीला आपण ते जुळवून बघू. भेटूया.